इन्स्टंट कॉफीला घट्ट फेस का येतो आणि तो घरी कसा आणायचा

प्रश्न: इन्स्टंट कॉफी नेमकी बनते कशी? ती साखर आणि पाण्याबरोबर फेटली की जाड फेस येतो, तो थंड दुधावर घालून पितात. मी करतो तेव्हा कधी मस्त घट्ट होतो, कधी वीस मिनिटं फेटूनही काळं पाणीच राहतं. आणि हाच प्रकार फिल्टर कॉफीचा का होत नाही?

उत्तर:

तुमच्या तिन्ही प्रश्नांचा उगम कारखान्यातल्या एकाच टप्प्यात आहे. हा टप्पा म्हणजे अर्क काढणं. इन्स्टंट कॉफीच्या उत्पादनात मी बरीच वर्षं काम केलं आहे, आणि लोकांना कॉफी वाळवण्याबद्दल जितकं कुतूहल असतं तितकं अर्क काढण्याबद्दल नसतं, असं मला नेहमी दिसलं. खरं तर वाळवणं म्हणजे फक्त पाणी काढून टाकणं. फेस येणार की नाही, हे त्याच्या बरंच आधी ठरलेलं असतं.

घरी आपण भाजून दळलेल्या कॉफीवर गरम पाणी ओततो तेव्हा तिच्या वजनाचा साधारण 18 ते 22 टक्के भाग पाण्यात उतरतो. उरलेला चोथा आपण टाकून देतो. कारखान्यात तेवढ्यावर भागत नाही. तिथे भाजलेल्या कॉफीतून 40 ते 50 टक्के भाग पाण्यात उतरवला जातो. हा जास्तीचा भाग सहजासहजी विरघळणारा नसतो. तो दाण्याच्या पेशींच्या भिंतींमध्ये घट्ट अडकलेला असतो, आणि त्याला बाहेर काढायला उकळतं पाणीही पुरत नाही.

म्हणून पोलादाचे उंच, बंद कॉलम वापरतात. असे पाच ते आठ कॉलम एकमेकांना जोडलेले असतात आणि प्रत्येकात जाडसर दळलेली कॉफी भरलेली असते. जाडसर अशासाठी, की बारीक पूड दाबाखाली गच्च बसते आणि पाण्याला वाटच राहत नाही. आत सोडलेलं पाणी 180 अंश सेल्सियसच्या आसपास असतं. ते दाबाखाली असल्यामुळे त्याची वाफ होत नाही. आता यातली खरी युक्ती बघा. हे सगळ्यात गरम पाणी ताज्या कॉफीवर जातच नाही. ते आधी शिरतं सगळ्यात जुन्या कॉलममध्ये, म्हणजे जिच्यातून सोपं ते सगळं आधीच निघून गेलं आहे अशा कॉफीत. तिथून पुढच्या, मग त्याच्या पुढच्या कॉलममध्ये असं करत ते हळूहळू थंड होत जातं, आणि शेवटी ताज्या कॉफीपाशी पोहोचतं तेव्हा साधारण 100 अंशांवर आलेलं असतं. ताज्या कॉफीतला सुगंध आणि आम्लं नाजूक असतात, ती या सौम्य पाण्यात उतरतात. जुन्या कॉफीतला हट्टी भाग मात्र प्रचंड उष्णतेने तुटून बाहेर येतो. शेवटच्या कॉलममधून अर्क काढून घेतला की सगळ्यात जुना कॉलम रिकामा करून तिथे नवी कॉफी भरतात. मग तो रांगेत सर्वांत शेवटी जातो, आणि चक्र असंच चालू राहतं.

तुटून बाहेर येणारा हा हट्टी भाग म्हणजे मुख्यतः दोन प्रकारची लांब साखळ्यांची कर्बोदकं. त्यांची नावं गॅलॅक्टोमॅनन आणि अरॅबिनोगॅलॅक्टन. नावं विसरलात तरी चालेल, त्यांचं काम लक्षात ठेवा. ती पाण्याला दाटपणा देतात. त्यांच्यासोबत असतात प्रथिनांचे अवशेष आणि मेलॅनॉयडिन, म्हणजे भाजताना तयार होणारे तपकिरी पदार्थ, ज्यांच्यामुळे कॉफीला रंग येतो. प्रथिनं आणि मेलॅनॉयडिन यांना हवा आणि पाणी जिथे भेटतात त्या सीमेवर जाऊन बसायला आवडतं. बुडबुडा तयार झाला की ती त्याच्याभोवती पातळ पापुद्रा धरतात. म्हणजे बुडबुडा धरणारे आणि पाणी दाट करणारे असे दोन्ही पदार्थ भुकटीत आयतेच असतात. तिसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. कॉफीच्या दाण्यातलं तेल पाण्यात फारसं उतरत नाही, ते बहुतांश चोथ्यातच राहतं. त्यामुळे भुकटीत चरबी जवळजवळ नसते, आणि फेसाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे चरबीच.

या उष्ण अर्काचा इतिहासही याच्याशी जोडलेला आहे. 1938 साली नेस्लेने नेसकॅफे बाजारात आणली तेव्हा नुसता कॉफीचा अर्क नीट वाळत नसे. तो चिकट व्हायचा आणि सुगंध उडून जायचा. म्हणून त्यात साधारण कॉफीइतकीच कर्बोदकं बाहेरून मिसळावी लागत. पुढे दाबाखालच्या उष्ण पाण्याने कॉफीची स्वतःचीच कर्बोदकं पुरेशी निघू लागली, आणि 1950 च्या दशकात निव्वळ कॉफीची इन्स्टंट बनवता आली. आज तुमच्या वाटीत जो फेस उभा राहतो, त्यामागे याच कर्बोदकांचा मोठा हात आहे.

यानंतर अर्काचं काय होतं ते थोडक्यात सांगतो. कॉलममधून निघालेल्या अर्कात 15 ते 25 टक्के घन भाग असतो. त्यातला सुगंध वाफेच्या मदतीने आधी वेगळा काढून थंड करून जपून ठेवतात, नाहीतर पुढच्या उष्णतेत तो उडून जाईल. मग निर्वातात, कमी तापमानावर अर्क आटवून घन भाग 40 टक्क्यांच्या पुढे नेतात आणि जपलेला सुगंध परत मिसळतात. पुढे दोन वाटा आहेत. स्प्रे ड्राइंगमध्ये उंच मनोऱ्याच्या टोकाकडून हा अर्क बारीक तुषारांच्या रूपात साधारण 250 अंशांच्या हवेत सोडतात. काही सेकंदांत पाणी उडतं आणि खाली पोकळ, बारीक कण पडतात. त्यांना थोडी वाफ देऊन एकमेकांना चिकटवलं की भुकटीचे जाडसर दाणे होतात. फ्रीझ ड्राइंगमध्ये अर्क उणे 40 अंशांच्या आसपास गोठवतात, त्याचे तुकडे करतात आणि निर्वातात ठेवून थोडी ऊब देतात. बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते आणि कोनेदार, फिकट दाणे उरतात. या पद्धतीत सुगंध जास्त टिकतो, खर्चही जास्त येतो.

फेटण्याच्या दृष्टीने मात्र या दोन्हींत मला फारसा फरक वाटत नाही, कारण फेस आणणारे पदार्थ वाळवण्याआधीच अर्कात उतरलेले असतात. चवीसाठी फ्रीझ ड्राइड घ्यावीशी वाटली तर जरूर घ्या, फेसासाठी घेण्याचं कारण नाही. पाकिटावर बघायचं ते वेगळंच आहे. काही इन्स्टंट कॉफीत भाजलेल्या दाण्यांची अतिशय बारीक पूड मिसळलेली असते. पेयाला ती छान चव देते, पण तिच्यासोबत दाण्याचं तेल येतं आणि फेस लवकर बसतो. चिकोरी मिसळलेली कॉफी असेल तर जितकी चिकोरी तितका कॉफीचा भाग कमी, तेव्हा फेटायला भुकटी थोडी जास्त घ्या. आणि दूध पावडर किंवा क्रीमर आधीच मिसळलेली तयार पाकिटं या कामाला घेऊच नका. त्यात चरबी असते. त्यांचा घट्ट फेस होत नाही. डिकॅफ मात्र बेलाशक चालते, कारण फेसाचा कॅफीनशी संबंध नाही.

आता फिल्टर कॉफीचं. तयार फिल्टर कॉफीत घन भाग जेमतेम दीड टक्का असतो. आपण फेटतो त्या मिश्रणात 30 मिली पाण्याला 8 ग्रॅम भुकटी असते, म्हणजे कित्येक पट अधिक. शिवाय पेशींच्या भिंतींतली कर्बोदकं घरच्या पाण्याला फारशी दाद देत नाहीत. म्हणून फिल्टर कॉफी कितीही कडक केली तरी बुडबुडे येतात आणि विरतात. एस्प्रेसोत साखर फेटली तर थोडा फेस जमतो, पण त्यात तेल असतं आणि तो टिकत नाही.

कृतीकडे येतो. 2020 मध्ये दक्षिण कोरियातून डालगोना कॉफी या नावाने ही पद्धत जगभर पसरली तेव्हा सगळीकडे एकच प्रमाण सांगितलं जायचं. दोन चमचे कॉफी, दोन चमचे साखर, दोन चमचे गरम पाणी. प्रमाण चांगलं आहे, गडबड चमच्यात आहे. 15 मिलीच्या मोठ्या चमच्यात सपाट भरलेली इन्स्टंट कॉफी 3 ते 4 ग्रॅम भरते, आणि शीग लावली तर जवळजवळ दुप्पट. एकाच प्रमाणाने कधी जमतं आणि कधी नाही, याचं एक मोठं कारण हे आहे. स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा असेल तर तोच वापरा.

दोन ग्लासांसाठी मी 8 ग्रॅम कॉफी, 24 ग्रॅम साखर आणि 30 मिली पाणी घेतो. पाणी नुकतं उकळून थोडं खाली आलेलं असावं. त्याच्या गरमपणाचा उपयोग फक्त विरघळवण्यासाठी आहे. पाणी ओतल्यावर लगेच फेटायला घेऊ नका. आधी चमच्याने ढवळून साखरेचा एकही कण तळाशी लागत नाही इतपत सगळं विरघळू द्या, आणि मग दोन-तीन मिनिटं निवू द्या. निवलेलं मिश्रण जास्त दाट असतं, आणि दाट द्रवातून बुडबुड्यांमधलं पाणी खाली झिरपायला वेळ लागतो. साखरेचंही खरं काम हेच आहे. बुडबुडे कॉफीमुळे येतात, साखर त्यांच्या भिंती पाझरू देत नाही. साखर न घालता फेटलीत तरी फेस येईल, पण बुडबुडे मोठे असतील आणि काही मिनिटांतच खाली पाणी सुटेल. साखर निम्मी केली तरी काम होतं, फक्त फेस थोडा सैल राहतो. सुक्रालोजसारख्या अगदी कणभर लागणाऱ्या गोडव्याने मात्र साखरेची जागा भरून निघत नाही, कारण त्याने दाटपणा येत नाही.

भांडं काचेचं किंवा स्टीलचं, उभट आणि लहान तोंडाचं घ्या. मिश्रण 50 मिलीच्या आसपासच असतं. पसरट भांड्यात ते तळाशी पसरतं आणि बीटर त्यात बुडतच नाही. प्लॅस्टिकचं भांडं मी टाळतो, कारण त्याला तेलाचा पातळ थर धरून बसतो आणि तो साध्या धुण्याने निघत नाही. भांडं आणि बीटर दोन्ही गरम पाणी आणि साबणाने धुऊन कोरडे पुसून घ्या.

विजेच्या बीटरने हे काम तीन-चार मिनिटांत होतं, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या फ्रॉदरनेही जवळपास तितक्याच वेळात. तारेच्या व्हिस्कने हाताने फेटलं तर दहा मिनिटं धरा, साध्या चमच्याने त्याहून बरीच जास्त. फेटताना घड्याळाकडे बघण्यापेक्षा रंगाकडे बघा. सुरुवातीला मिश्रण काळपट पाकासारखं असतं आणि वर मोठे, चकचकीत बुडबुडे येतात. मग रंग तपकिरी होतो आणि बुडबुडे इतके बारीक होतात की वेगवेगळे दिसेनासे होतात. शेवटी रंग फिका, बदामी होतो. रंग फिका होणं म्हणजे आत हवा किती भरली याचा सरळ हिशोबच आहे, कारण बारीक बुडबुडे प्रकाश जास्त परतवतात. बीटर फिरवल्याची रेघ पृष्ठभागावर मिटत नाही आणि बीटर उचलल्यावर टोक उभं राहून जेमतेम वाकतं, तिथे थांबा. 50 मिलीचं आता साधारण 200 मिली झालेलं असतं. आणखी फेटून फार काही हाती लागत नाही.

न जमल्यास कारण शोधायला मिश्रणाच्या दाटपणाकडे बघावं. पाच मिनिटं फेटूनही ते पाण्यासारखं पातळ असेल, बीटर फिरवल्यावर उडत असेल, तर पाणी जास्त झालं आहे. एकेक छोटा चमचा कॉफी आणि साखर घालून, विरघळवून पुन्हा फेटा, बहुतेक वेळा ते सुधारतं. पण मिश्रण पाकासारखं दाट आहे, बुडबुडे येतात आणि काठाशी फटाफट फुटतात, रंग काळपटच राहतो, तर चरबी शिरली आहे असं समजा. चरबीचे थेंब बुडबुड्याच्या पापुद्र्यात घुसतात आणि तो जागोजागी तोडतात. भांड्याचा तेलकटपणा, आधी दुधात घातलेला ओला चमचा, पाण्याऐवजी घेतलेलं दूध, यांपैकी काहीही कारण असू शकतं. तुमची वीस मिनिटं बहुधा इथेच गेली. अशा मिश्रणाच्या मागे लागू नका, ते दुधात घालून साधी कॉफी करून प्या आणि स्वच्छ भांड्यात नव्याने सुरुवात करा. फेस घट्ट झाला पण जिभेला कचकच लागली, तर साखर पूर्ण विरघळायच्या आत फेटायला घेतलंत एवढंच.

भुकटीला गुठळ्या झाल्या असतील तर घाबरू नका. वाळवलेल्या कॉफीत पाणी 5 टक्क्यांहूनही कमी असतं आणि ती हवेतला ओलावा झटकन ओढते, म्हणून बरणी उघडी राहिली की ती चिकटते. फेस अशा भुकटीलाही येतो. फक्त सुगंध गेलेला असतो, आणि गुठळ्या फोडून जरा जास्त वेळ विरघळवाव्या लागतात.

ग्लासात आधी बर्फ, मग 150 मिली थंड दूध, आणि वरून निम्मा फेस चमच्याने हलकेच ठेवा. तो तरंगतो, कारण एवढी हवा भरल्यावर त्याचं वजन दुधाच्या एक तृतीयांशाच्या आसपास उरतं. दुधाला लागलेला खालचा थर लवकर विरू लागतो, कारण दुधात चरबी असते, म्हणून ग्लास भरून ठेवून देऊ नका. पिताना मात्र ढवळायलाच हवं. दूध गोड नसतं आणि फेस नुसता खाल्ला तर फार कडू आणि फार गोड लागतो. गरम दुधावरही हे करता येतं, पण तिथे फेस खूपच लवकर विरघळतो.

कॅफीनचा हिशोब मी नेहमी सांगतो, कारण हे पेय हलकं दिसतं आणि तसं नसतं. इन्स्टंट कॉफीच्या एका ग्रॅममध्ये साधारण 30 ते 40 मिलिग्रॅम कॅफीन असतं, तेव्हा 8 ग्रॅममध्ये 240 ते 320. दोन ग्लासांत वाटलं तर प्रत्येकी 120 ते 160, म्हणजे नेहमीच्या दोन कप इन्स्टंट कॉफीइतकं. युरोपियन अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2015 मध्ये निरोगी प्रौढांसाठी एका वेळी 200 आणि दिवसभरात 400 मिलिग्रॅमपर्यंत चिंता नाही असं म्हटलं आहे, गरोदर स्त्रियांसाठी दिवसभरात 200. म्हणजे सगळा फेस एकाच ग्लासात घालणं प्रौढांसाठीही जास्तच होतं. संध्याकाळी प्यायचं असेल तर डिकॅफ वापरा.

उरलेला फेस झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवला तर काही तास चांगला राहतो. दुसऱ्या दिवशी तळाशी थोडा काळा पाक सुटलेला दिसेल. तो ओतून टाकू नका, कारण कॉफी आणि साखर त्यातच आहे. फेसासकट पुन्हा मिनिटभर फेटलं की तो परत उभा राहतो, पण एकदा दुधाचा थेंब लागलेला चमचा त्यात गेला असेल तर नाही.